रिकाम्या खोलीचा हिशेब

थोरल्या मुलाचे बिऱ्हाड पुण्याला हलल्यापासून आमच्या कड्याच्या घरातली माजघराला लागून असलेली खोली रिकामी पडून होती. दहा फूट बाय बारा फुटांची, एका खिडकीची, दगडी भिंतींमुळे भर उन्हाळ्यातही त्यातल्या त्यात गार राहणारी. दोन वर्षांपूर्वी ऐन आखाडात धाकट्या सूनबाईंनी माझ्यासमोर एक रंगीत पत्रक ठेवले आणि म्हणाल्या, "आई, या खोलीतून महिन्याला अठ्ठावीस हजार रुपये निघतात."

पत्रक अळिंबीच्या लागवडीचे होते. ते काढणाऱ्या कंपनीचे म्हणणे असे, की तुम्ही साठ हजार रुपये भरा. आम्ही दोनशे पिशव्यांचे बियाणे, साहित्य आणि प्रशिक्षण देतो आणि तयार झालेली वाळलेली अळिंबी किलोला सातशे रुपये या दराने लेखी कराराने परत घेतो. साठ हजारांसाठी सूनबाईंनी आपल्या पाटल्या गहाण ठेवण्याचे मनात पक्के केले होते. त्या मला विचारायला आल्या नव्हत्या, सांगायला आल्या होत्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवले. कोणी आकडा सांगितला, की तो कोणत्या रीतीने आला हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. हा स्वभाव घरात फारसा कोणाला आवडत नाही, आणि त्या दिवशीही आवडला नाही. "तुम्हांला काहीच नवीन नको असतं," असे म्हणून सूनबाई आत गेल्या. पत्रक मात्र माझ्याजवळच राहिले.

रात्री मी वही घेऊन बसले. अठ्ठावीस हजारांची रीत सोपी होती. दोनशे पिशव्या, दर पिशवीला दोन किलो ताजी अळिंबी, म्हणजे चारशे किलो. ती वाळवली की दहा किलोची एक किलो होते, म्हणून चाळीस किलो. त्याला सातशेने गुणले, की अठ्ठावीस हजार. गुणाकारात चूक नव्हती. पण एका पिशवीतून दोन किलो येतात का, आणि ते एका महिन्यात येतात का, हे दोन प्रश्न पत्रकात कोठेच नव्हते.

त्यांची उत्तरे पुण्यात मिळाली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. तेथे लागवडीचे प्रशिक्षण मिळते आणि बियाणेही मिळते. थोरल्याकडे जायचे निमित्त होतेच. सूनबाईंना मी म्हटले, "पाटल्या गहाण ठेवायच्या आधी एवढं एक बघून येऊ." त्या मुकाट्याने आल्या.

बाजारात डब्यातून मिळते ती पांढरी गोल बटण अळिंबी आपल्या घरी होणे नाही, हे प्रथम कळले. तिला आठवडेच्या आठवडे कुजवून तयार केलेले खत लागते आणि फळे धरताना पंधरा-अठरा अंश तापमान लागते. आमच्या भागात म्हणजे वातानुकूलित खोलीच. नवशिक्याने हात घालावा ती धिंगरी. शिंपल्यासारख्या आकाराची, राखी किंवा पांढरी. ती वीस ते अठ्ठावीस अंशांत, साध्या गव्हाच्या काडावर किंवा सोयाबीनच्या भुसकटावर येते. एक किलो कोरडे काड भिजून सुमारे तीन किलो होते आणि तेवढ्याची एक पिशवी भरते. त्या पिशवीतून तिन्ही तोडण्या मिळून सरावाच्या हाताला आठशे ग्रॅम, फार तर किलोभर अळिंबी मिळते. नवशिक्याने पाचशे-सहाशे ग्रॅमच धरावी. आणि पिशवी भरल्यापासून तिसरी तोडणी संपेपर्यंत पन्नास-साठ दिवस जातात.

परतीच्या प्रवासात सूनबाईंनी स्वतःच पत्रकाच्या पाठीमागे आकडे मांडले. दोनशे पिशव्यांतल्या दहा टक्के खराब होतील असे धरले, तर उरल्या एकशे ऐंशी. प्रत्येकी सहाशे ग्रॅम म्हणजे एकशे आठ किलो. वाळवून झाली जेमतेम अकरा किलो. त्याचे सातशेने साडेसात हजार रुपये, आणि तेही दोन महिन्यांचे. आधी कधी लक्षात आली नव्हती अशी एक गोष्ट याच वेळी उघड झाली. वाळलेल्या किलोला सातशे म्हणजे ताज्या किलोला फक्त सत्तर. काड, बियाणे, पिशवी, सरपण मिळून एका पिशवीला चाळीसच्या वर खर्च येतो असे आम्हांला सांगितले होते. दोनशे पिशव्यांना आठ हजारांहून अधिक. म्हणजे कंपनीने शब्द पाळून सगळा माल घेतला असता, तरी आम्ही तोट्यातच राहिलो असतो. सूनबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. नगर येईपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "वीस पिशव्या करून बघू द्या मला. पैसे माझे." मी हो म्हटले, फक्त वही मी ठेवेन अशी अट घातली.

उभारणीला दहा हजार लागले. त्यात पुण्याचे जाणे-येणे आणि प्रशिक्षण यांचे दोन हजार होते. दोनशे लिटरचा लोखंडी पिंप, हवा बाहेर फेकणारा पंखा आणि बांबू-दोऱ्या यांनी साडेचार हजार घेतले. उरलेल्यात फवारणीचा पंप, खिडकीची बारीक जाळी, चुना, बारदान, वजनकाटा आणि तापमान-आर्द्रता दाखवणारा छोटा मापक. या यादीतली एकच वस्तू उगाच घेतली असे नंतर वाटले नाही, आणि ती म्हणजे मापक. हाताला गार लागणारी खोली आणि अळिंबीला मानवणारी खोली यांत बरेच अंतर असते.

श्रावण लागताना पहिले काड भिजवले. रात्रभर थंड पाण्यात, सकाळी पोत्यात भरून पिंपातल्या गरम पाण्यात. पाणी ऐंशी अंशांवर एक तास राहिले पाहिजे. काही ठिकाणी आगीऐवजी फॉर्मेलिन आणि बुरशीनाशक घातलेल्या पाण्यात काड बुडवून ठेवतात. सरपण वाचते, पण फॉर्मेलिनच्या वाफेने नाक-डोळे झोंबतात. आमच्या घरात दम्याचे माणूस आहे. त्यामुळे तो विचार आम्ही केलाच नाही. शेतातल्या पऱ्हाट्या होत्याच. त्या फुकटच्या असल्या, तरी मी वहीत सरपणाचे दीडशे रुपये लिहिले. घरचे म्हणून ज्याची किंमत लिहिली नाही, त्याने कित्येकांचा नफा वाढलेला मी पाहिला आहे.

निर्जंतुक केलेले काड सावलीत निथळत ठेवायचे. किती, याची खूण अशी की मूठभर काड घट्ट आवळले तर तळवा ओला व्हावा, पण थेंब पडू नये. मग पिशवीत चार बोटे काडाचा थर, कडेने बियाणे, पुन्हा थर. बियाणे म्हणजे गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. दाणे पांढऱ्या कापसात गुंडाळल्यासारखे दिसतात. त्यावर हिरवा-काळा ठिपका दिसला किंवा आंबूस वास आला, तर ते वापरू नये. ओल्या काडाच्या शंभर किलोला दोन किलो बियाणे पुरते, पण पहिल्या वेळी आम्ही जरा सढळ हाताने वीस पिशव्यांना दोन किलो टाकले. पिशवीला सुईने पंचवीस-तीस भोके पाडून ती अंधारात टांगायची. अठरा दिवसांत पिशव्या आतून दुधासारख्या पांढऱ्या झाल्या.

चार पिशव्या झाल्या नाहीत. त्यांच्या तळाशी हिरवी बुरशी धरली. पहिल्यांदा सूनबाईंना वाटले, बियाणे वाईट. पण चारही पिशव्या शेवटच्या पोत्यातल्या होत्या. त्या पोत्याच्या वेळी सरपण कमी पडले होते, आणि मापक पिंपाच्या वरच्या पाण्यात बुडवून ऐंशी अंश पाहिले होते. तळाचे पाणी तेवढे तापलेले नव्हते. त्या चारही पिशव्या न उघडता लांब उकिरड्यात पुरल्या. उघडल्या असत्या, तर हिरवी भुकटी उरलेल्या सोळांवर बसली असती.

सोळा पिशव्यांचे प्लास्टिक फाडून काढले आणि दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा सुरू केला. चौथ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे कोंब आले. सूनबाई रात्री दोनदा उठून बॅटरीने पाहायच्या. पण कोंब वाढले ते विचित्र: देठ लांबच लांब आणि वर टोपी शर्टाच्या गुंडीएवढी. बुरशीही श्वास घेते आणि बंद खोलीत तिनेच सोडलेला कर्बवायू साठतो. मग ती हवेच्या शोधात मान उंचावते. सकाळ-संध्याकाळ पंखा अर्धा तास लावू लागलो, तशी पुढची फळे तळहाताएवढी रुंद आली.

तो पंखा खिडकीत होता. खोलीचे दार मात्र माजघरात उघडत होते, आणि माजघरात माझ्या सासूबाई निजतात. वय चौऱ्याऐंशी, दमा वीस वर्षांचा.

दुसऱ्या तोडणीच्या वेळी गौरी आल्या. घर पाहुण्यांनी भरलेले, सोळा भाज्या, पुरणाचा स्वयंपाक. तयार झालेली अळिंबी दीड दिवस तशीच राहिली. टोप्यांच्या कडा खाली वळलेल्या असतानाच धिंगरी तोडायची असते. त्या कडा पातळ होऊन वर उलटल्या, की टोपीखालच्या पाकळ्यांतून बीजाणू सुटू लागतात. खोलीत गेलो, तर खालच्या पिशव्यांवर आणि फरशीवर पिठाची फुंकर मारावी तशी पांढरट भुकटी. दार उघडे टाकून आम्ही घाईने तोडणी उरकली. त्या रात्री सासूबाईंना धाप लागली. नेहमीच्या फवाऱ्याने उतार पडेना. पहाटे दवाखान्यात न्यावे लागले.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात नवीन काय केलं?" धिंगरीचे बीजाणू फार हलके आणि फार संख्येने असतात. दम्याच्या रुग्णाला ते लगेच त्रास देऊ शकतात. धडधाकट माणूससुद्धा महिनोन्महिने असल्या खोलीत उघड्या नाकाने काम करत राहिला, तर काहींना कोरडा खोकला, धाप आणि काम केलेल्या दिवशी संध्याकाळी कणकण असा विकार जडतो. पुष्कळदा तो साधा ताप म्हणून अंगावर काढला जातो. सुट्टीच्या दिवसांत बरे वाटते आणि कामावर परतताच पुन्हा सुरू होते, ही त्याची खूण. सासूबाई तीन दिवसांत सावरल्या. दवाखाना आणि औषधे मिळून अकराशे रुपये झाले. ते मी वहीत अळिंबीच्याच पानावर लिहिले. सूनबाईंनी ते पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सगळ्या पिशव्या उचलून गोठ्याशेजारच्या, अंगणात दार असलेल्या खोलीत नेल्या.

बावन्न दिवसांनी पान मिटवले. सोळा पिशव्यांतून आठ किलो आठशे ग्रॅम निघाली, म्हणजे पिशवीला साडेपाचशे. वीस पिशव्यांचा चालू खर्च साडेआठशे. तीन किलो घरी खाल्ली आणि चवीला वाटली. चार किलो विकली. दोनशे ग्रॅमची वीस पाकिटे, चाळीस रुपयांना एक. आठशे रुपये आले. उरलेली एक किलो आठशे ग्रॅम खपण्याआधीच मऊ पडू लागली म्हणून वाळवली. चालू खर्चही पन्नास रुपयांनी निघाला नाही, दवाखाना वेगळा.

खप हाच खरा प्रश्न निघाला. लागवडीच्या कोणत्याही हिशेबात मला तो नीट मांडलेला दिसला नव्हता. ताजी धिंगरी साध्या हवेत एक दिवस, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. कड्याची बाजारपेठ कांद्याची. येथला कांदा कोठे कोठे जातो. पण ही भाजी कोणी ओळखत नाही. जुन्या बायकांच्या दृष्टीने ती उकिरड्यावर उगवणारी कुत्र्याची छत्री. अमोलक जैन संस्थेच्या शाळेने नाव झालेल्या या गावात जैन घरे पुष्कळ आहेत, आणि ती मंडळी अळिंबी खात नाहीत. चातुर्मासात वारकरी घरेही नको म्हणतात. नगर रस्त्यावरच्या एका धाब्यावाल्याने पाकीट उलटसुलट करून विचारले, "ते गोल बटण नाही का तुमच्याकडं?" शेवटी घेणारे निघाले ते शिक्षक, बँकेतले बदलीचे लोक, दवाखान्यातल्या परिचारिका आणि पुण्या-मुंबईहून गावी आलेली मुले. आठवड्याला सतरा-अठरा पाकिटे.

मग पुढचा अंदाज आम्ही उलट्या बाजूने केला. खोलीत किती पिशव्या मावतात हे न पाहता आठवड्याला किती पाकिटे जातात हे आधी धरले. त्यावरून दर आठवड्याला दहा पिशव्या भरायच्या ठरवल्या, म्हणजे एकदम पीक येऊन सडणार नाही. नव्या खोलीला चुना, जाळी, बारदान आणि वाढीव बांबू यांचे चार हजार आणखी लागले, म्हणून एकूण उभारणी चौदा हजार.

महिन्याच्या चाळीस पिशव्या. चार वाया जातील असे धरून छत्तीस, पिशवीला सहाशे ग्रॅम, म्हणजे साडेएकवीस किलो. त्यातली पंधरा किलो ताजी खपते, तिचे तीन हजार. सहा किलो वाळवून सहाशे ग्रॅम होते. ती थोरल्याच्या ओळखीने पुण्यात आठशे रुपये किलोने जाते, तिचे चारशे ऐंशी. राहिलेली घरच्या पातेल्यात. आवक झाली साडेतीन हजारांच्या जवळ. खर्च पिशव्यांचा सतराशे, विजेचे दोनशे आणि जाण्या-येण्याचे चारशे, असे तेवीसशे. हाती राहतात साधारण अकराशे ते बाराशे रुपये.

हे महिनेही बारा नाहीत. मार्च ते जून आमच्याकडे पारा चाळिशी गाठतो आणि हवा कागदासारखी कोरडी असते. ओली बारदाने लावून धिंगरी जगवता येते, पण आष्टी तालुक्यात त्या दिवसांत पिण्याच्या पाण्याची वाट पाहावी लागते. ते पाणी बारदानांवर ओतणे आम्हांला पटले नाही. जुलै ते फेब्रुवारी असे आठ महिने धरले, तर वर्षाचे साडेनऊ हजारांच्या आसपास. उभारणी फिटायला दीड हंगाम.

पिशवीतले उत्पन्न सहाशेवरून आठशे ग्रॅमवर नेले, तर नफा वाढेल असे सूनबाईंना वाटत होते. मी ती रीतही करून दाखवली. वाढलेली सात किलो ताजी खपत नाही. ती वाळवली, तर जेमतेम साडेपाचशे रुपये वाढतात. तेवढीच सात किलो ताजी गेली असती, तर चौदाशे. तेव्हापासून त्यांनी चांगल्या बियाण्याच्या चौकशीपेक्षा आष्टीला आणखी दहा घरे शोधण्याकडे लक्ष लावले आहे.

पत्रकातले आणखी एक वाक्य येथेच सांगून टाकते. 'प्रथिनांचा खजिना, शेकडा पंचवीस.' ते वाळलेल्या वजनावरचे आहे. ताज्या धिंगरीत नव्वद टक्के पाणी असते, म्हणून शंभर ग्रॅममध्ये प्रथिने अडीच-तीन ग्रॅमच. भाजी म्हणून ती चांगली आहे, आमच्या घरी आवडतेही. पण वरणाची वाटी तिने काढून घेऊ नये.

वहीत शेवटचा स्तंभ श्रमाचा केला. काड भिजवणे, फवारे, तोडणी, पाकिटे, घरोघर पोचवणे, सारे मिळून रोज दीड तास. महिन्याचे पंचेचाळीस तास. तासाला पडले सव्वीस रुपये. मला वाटले होते, हा आकडा पाहून सूनबाई सोडून देतील. त्यांनी वही आपल्याकडे ओढली, थोडा वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "शेतातल्या मजुरीपेक्षा कमीच आहे. पण पोरगं शाळेतून यायच्या आत होतं, आणि बाराशे माझ्या खात्यात पडतात." पाटल्या हातातच होत्या.

आता तोडणीला जाण्याआधी अर्धा तास दार-खिडकी उघडी टाकतो, पंखा लावतो. नाकावर चांगला बसणारा मास्क लावल्याशिवाय आत जात नाही. ओढणीचा पदर त्या भुकटीला अडवत नाही. सण असो वा लग्न, कडा उलटायच्या आत तोडणी होतेच. सासूबाई अंगणाच्या त्या बाजूला फिरकत नाहीत, पण संध्याकाळी पाकिटे मोजायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे. परवा सतरा भरली, तेव्हा त्यांनी दोनदा मोजली.

माजघराजवळची खोली पुन्हा रिकामी आहे. तिच्या भिंतींना चुना दिला, फरशी दोनदा धुतली, आणि सध्या तेथे कांद्याच्या रिकाम्या गोण्या आहेत.